डबा नेमका कुठे पोचवायचा?

पुण्यात घरपोच डबे देणारी एक खानावळ आहे असं समजू. गिऱ्हाईक तिच्या वेबसाइटवर नाव, फोन आणि पत्ता भरतं. पत्त्याच्या चौकटीत ‘शिवाजीन’ एवढं टाइप केलं की खाली जागांची यादी उघडते, त्यातली एक निवडली की काम झालं. डबा घेऊन निघालेला मुलगा मात्र फोनवर नकाशा लावतो तो अक्षांश-रेखांशांवरून. गिऱ्हाइकाला दिसतो तो मजकूर आणि मुलाला मिळतो तो बिंदू, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉर्म बनवणाऱ्याचं खरं काम त्यांची जोडी तुटू न देणं हे आहे.

यादी कुठून येते ते आधी पाहू. चौकटीत अक्षरं पडू लागली की ब्राउझर ती एखाद्या नकाशा-सेवेकडे पाठवतो आणि सेवा जुळणारी नावं परत देते. प्रत्येक अक्षराला विचारणा करायची गरज नसते. तीन अक्षरं होईपर्यंत थांबावं आणि बोटं साधारण ३०० मिलिसेकंद थबकली की मगच विचारावं. तरीही एक गडबड होते: ‘शिव’चं उत्तर रेंगाळतं, ‘शिवाजीनगर’चं आधी येऊन दिसतं आणि मग मागाहून आलेली ‘शिव’ची यादी त्यावर चढते. म्हणून नवी विचारणा पाठवताना जुनी रद्द करावी लागते. शिवाजीनगर मुंबईत आहे, बंगळुरूतही आहे. तेव्हा पुण्याच्या आसपासच्या जागा वर आण, असं सेवेला विचारणेतच सांगावं.

सेवा निवडतानाही अटी वाचाव्यात. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर चालणारा नॉमिनॅटिमचा सार्वजनिक सर्व्हर फुकट आहे, पण अशा अक्षरागणिक शोधासाठी तो वापरायला मनाई आहे आणि सेकंदाला एकाहून जास्त विचारणा चालत नाही. त्याच माहितीवर टाइप करता करता शोधण्यासाठी फोटॉन नावाचा वेगळा प्रोग्रॅम आहे, तो आपल्या सर्व्हरवर बसवता येतो. गूगलच्या सेवेत यादीतल्या ओळीबरोबर अक्षांश-रेखांश येतच नाहीत. येतो तो `place_id` नावाचा खुणेचा क्रमांक. गिऱ्हाइकाने ओळ निवडल्यावर तो क्रमांक देऊन तपशील मागवायचा, तेव्हा कुठे बिंदू हाती येतो.

हा बिंदू फॉर्ममधल्या न दिसणाऱ्या रकान्यांत ठेवतात, आणि सगळ्यात छुपी चूक इथेच होते. गिऱ्हाइकाने आधी सदाशिव पेठेतली इमारत निवडली. मग लक्षात आलं की डबा घरी हवा आहे, म्हणून तोच मजकूर खोडून हाताने कोथरूडचा पत्ता लिहिला आणि यादीकडे न बघता बटण दाबलं. पडद्यावर कोथरूड दिसतंय, न दिसणाऱ्या रकान्यांत मात्र सदाशिव पेठच आहे. कुठेही तक्रार उमटत नाही, फक्त डबा भलत्या दारात जातो. यावर उपाय लहानसा आहे. चौकटीतलं एक अक्षर जरी बदललं, तरी जुना बिंदू पुसून टाकायचा:

```js
box.addEventListener("input", () => {
  lat.value = "";
  lng.value = "";
  placeId.value = "";
});
```

यादीतली ओळ निवडल्यावर प्रोग्रॅम स्वतः चौकटीत मजकूर भरतो, तेव्हा ही `input` घटना घडत नाही. त्यामुळे खरी निवड पुसली जात नाही. बिंदू रिकामा असेल तर बटण दाबल्यावर ‘यादीतून ठिकाण निवडा किंवा नकाशावर खूण करा’ असं सांगावं. यादीत नसलेल्या घराचं गिऱ्हाईक परत पाठवायचं नसेल, तर नकाशाचा पर्याय हवाच.

आता बिंदू डेटाबेसमध्ये जातो, तिथे क्रमाचा घोळ उभा असतो. आपण बोलताना आधी अक्षांश म्हणतो, मग रेखांश. गूगल आणि लीफलेट हाच क्रम पाळतात. जिओजेसन या फाइल-प्रकारात मात्र रेखांश आधी येतो, पोस्टजीआयएसच्या `ST_MakePoint` मध्येही तसंच. पुण्याचे अक्षांश १८.५२, रेखांश ७३.८६. हे आकडे उलटे पडले तर बिंदू नॉर्वेच्याही उत्तरेला, बेअर आयलंडच्या दक्षिणेकडच्या थंडगार समुद्रात पडतो. भारतापुरती ही चूक पकडणं सोपं आहे. आपले अक्षांश ६ ते ३८ आणि रेखांश ६८ ते ९८ यांच्या आत असतात, दोन्ही पट्टे एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून पहारा डेटाबेसच्या दारातच बसवता येतो:

```sql
lat DECIMAL(9,6) NULL CHECK (lat BETWEEN 6 AND 38),
lng DECIMAL(9,6) NULL CHECK (lng BETWEEN 68 AND 98)
```

हाच पहारा आणखी एक चोर पकडतो. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या रकान्याचं संख्येत रूपांतर केलं की शून्य मिळतं. मग ज्याने ठिकाण निवडलंच नाही, त्याचं घर आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, शून्य अक्षांश शून्य रेखांशावर नोंदलं जातं. माहीत नसलेला बिंदू `NULL` म्हणूनच ठेवावा.

दशांशाचे आकडे सहा पुरतात. सहाव्या स्थानाचा फरक जमिनीवर सुमारे ११ सेंटिमीटर भरतो. दोनच स्थानं ठेवली, तर एकेका दिशेत बिंदू साडेपाचशे मीटरपर्यंत सरकू शकतो. पण सहा आकडे आहेत म्हणून बिंदू अचूक आहे असं कोणी समजू नये. सेवेला घर सापडलं नाही, तर ती कधी रस्त्याचा मध्य देते, कधी अख्ख्या पिनकोडच्या भागाचा, आणि तोही सहा आकड्यांतच. १९७२ साली सुरू झालेला पिनकोड टपाल वाटण्यासाठी आखलेला आहे. ४११०३८ हा आकडा एक मोठा भाग सांगतो, दार सांगत नाही.

गूगलचं जिओकोडिंग उत्तरासोबत बिंदूची जातही कळवतं. `ROOFTOP` म्हणजे नेमका त्या पत्त्याचा बिंदू, `APPROXIMATE` म्हणजे अंदाज. बिंदू अंदाजाचा असला की नकाशा दाखवून ‘खूण आपल्या फाटकावर सरकवा’ असं गिऱ्हाइकाला सांगावं. ‘मारुती मंदिराच्या मागे, पिवळं गेट’ हे सेवेला कळत नाही, पण गिऱ्हाइकाचं बोट ते बरोबर दाखवतं.

शेवटी नोंद अशी असावी: गिऱ्हाइकाने लिहिलेला पत्ता जसाच्या तसा, विंग-मजला-फ्लॅट वेगळ्या रकान्यात, अक्षांश, रेखांश, `place_id`, आणि बिंदू यादीतून आला की हाताने सरकवला याची खूण. गूगलच्या अटींनुसार त्यांच्याकडून आलेले अक्षांश-रेखांश ३० दिवसांपर्यंतच साठवता येतात. `place_id` मात्र कायम ठेवता येतो आणि त्यावरून बिंदू पुन्हा मागवता येतो.

फॉर्म लोकांसाठी खुला करण्याआधी चार पत्ते मुद्दाम वेडेवाकडे भरून पाहावेत: एक निवडून मग बदललेला, एक न निवडलेला, एक गावाकडचा, एक खूण सरकवलेला. मग फॉर्म बंद करून डेटाबेसमधले आकडे थेट नकाशावर टाकावेत. ज्याचा बिंदू रिकामा राहायला हवा तो रिकामा आणि बाकीचे आपापल्या दारात दिसले, की डब्यांची नोंदणी सुरू करायला हरकत नाही.