एकेकटे निरुपयोगी, तिघे मिळून भारी

जेफ्री वूल्ड्रिज यांच्या पाठ्यपुस्तकात अमेरिकेतल्या 353 बेसबॉलपटूंच्या पगाराचे समीकरण आहे. पगाराचा लॉग पाच गोष्टींवर ठरतो असे धरले आहे: कारकिर्दीची वर्षे, वर्षाला सामने, फलंदाजीची सरासरी, होमरन आणि फटक्यांमुळे संघाला मिळालेल्या धावा. गंमत अशी, की शेवटच्या तिन्ही घटकांपैकी एकही टी-चाचणीत टिकत नाही. मग खेळाची कामगिरी पगारात मोजलीच जात नाही?

इथे एफ चाचणी लागते. तिन्ही गुणक एकदम शून्य धरून समीकरण पुन्हा चालवायचे. मुक्त समीकरणात चुकांच्या वर्गांची बेरीज 183.186 होती, बंधन घातल्यावर ती 198.311 झाली. ही वाढ 15.125. तिला 3 बंधनांनी भागले की 5.04, मुक्त समीकरणाची बेरीज 347 ने (353 वजा 6 गुणक) भागली की 0.528. भागाकार 9.55. एक टक्का पातळीची मर्यादा सुमारे 3.78, म्हणजे बंधन सपशेल फेटाळले जाते.

होमरन मारणाऱ्याच्या खात्यात धावाही जमतात, म्हणून श्रेय कोणाचे हे टी-चाचणीला वेगळे करता येत नाही. ते एफ चाचणीही सांगत नाही. आणि दोन्ही समीकरणांत खेळाडू तेच हवेत, नाहीतर हा आकडा फेकून द्यावा.