घोड्याच्या रक्तातलं औषध

साप चावलेला माणूस रुग्णालयात आला की डॉक्टर त्याचं 2 मिलिलिटर रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या परीक्षानळीत घेतात आणि नळी 20 मिनिटं हलवत नाहीत. मग ती हळूच आडवी करतात. निरोगी रक्ताची एव्हाना गुठळी झालेली असते, ती जागची हलत नाही. रक्त पाण्यासारखं ओघळलं, तर विष अंगात भिनलंय, आणि आपल्याकडे ते बहुधा घोणस किंवा फुरसं यांचं. त्यानंतर सलाईनमधून जे औषध सुरू होतं, ते एका घोड्याच्या रक्तात तयार झालेलं असतं. मला याचं आजही नवल वाटतं.

सुरुवात अर्थात सापापासून होते. भारतात लागणाऱ्या विषातला मोठा वाटा चेन्नईजवळच्या इरुला सर्पमित्रांच्या सहकारी संस्थेतून येतो. ही संस्था 1978 साली स्थापन झाली. पकडून आणलेला साप तीनेक आठवडे मडक्यात ठेवतात, त्याला काचपात्रावर ताणलेल्या पडद्यात दात रुतवायला लावून काही वेळा विष काढतात आणि पुन्हा रानात सोडतात. वाळवलेलं नागाचं किंवा घोणसचं विष पिवळट खड्यांसारखं दिसतं.

घोड्याला या विषाची पहिली मात्रा अगदी थोडी, मिलीग्रॅमच्या हिशेबात देतात. ती सहायक द्रव्यात घोटून मानेवर कातडीखाली अनेक जागी थोडी थोडी टोचतात, म्हणजे विष एकदम रक्तात न जाता सावकाश सुटतं. घोड्याच्या पेशींना तेवढ्या अवधीत विषातल्या प्रथिनांची ओळख पटते आणि त्यांना नेमकी पकडणारी प्रतिपिंडं तयार होऊ लागतात. आठवड्या-पंधरवड्याने मात्रा वाढवत जातात. काही महिन्यांनी ज्या विषाने नवखा घोडा गेला असता, तेवढं हा पचवतो.

मग त्याचं रक्त काढतात. 400 किलोच्या घोड्याचं एका वेळी साधारण 6 लिटर. तांबड्या पेशी खाली बसल्या की वरचा पिवळसर द्रव काढून घेतात आणि त्या पेशी सलाईनमध्ये मिसळून त्याच घोड्याला परत देतात, म्हणजे त्याला अशक्तपणा येत नाही. पुढचं काम पेप्सिन करतं. आपल्या जठरात अन्न पचवणारं पेप्सिन ते हेच. इंग्रजी ‘Y’ अक्षरासारख्या प्रतिपिंडाचा खालचा दांडा ते कुरतडून टाकतं आणि विष पकडणारे दोन हात तेवढे उरतात. घोड्याचं परकं प्रथिन जितकं कमी, तितकी माणसाला रिअॅक्शन येण्याची भीती कमी. पुरती मात्र जात नाही, म्हणून हे औषध देताना अॅड्रेनॅलिन हाताशी भरून ठेवतात.

आता हिशेब बघा. भारतीय प्रतिविषाच्या 1 मिलिलिटरने घोणसचं 0.6 मिलीग्रॅम विष निकामी व्हावं लागतं. म्हणजे 10 मिलिलिटरच्या एका कुपीने 6 मिलीग्रॅम. घोणस एका दंशात सरासरी 63 मिलीग्रॅम विष सोडते. सुरुवातीलाच 8 ते 10 कुप्या का देतात, ते यावरून कळतं. लहान मुलालाही तितक्याच द्याव्या लागतात, कारण मूल लहान म्हणून साप विष कमी सोडत नाही. 6 तासांनी पुन्हा काचेची नळी भरतात. रक्त गोठवणारी द्रव्यं नव्याने बनवायला यकृताला तेवढा वेळ लागतो. तेव्हाही रक्त ओघळलं, तर आणखी कुप्या.

घोड्याला जे विष भेटलं नाही, त्यावर त्याचं औषध भरवशाचं नसतं. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी 1890च्या दशकात नागाच्या विषावर रक्तद्रव बनवला आणि तो सगळ्याच सापांवर चालेल असं त्यांना वाटलं. पुढे मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिनमध्ये, कॅप्टन जॉर्ज लँब यांनी तो घोणसच्या विषावर वापरून पाहिला. उपयोग झाला नाही. म्हणून आज नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांची विषं वापरतात. सह्याद्रीतला हिरवा चापडा त्यांत नाही. शिवाय एकाच जातीच्या सापाचं विष प्रांतागणिक बदलतं. दक्षिणेतल्या विषापासून केलेलं औषध देशातल्या इतर काही भागांतल्या नाग-मण्यारींवर तोकडं पडल्याचं दिसून आलंय. ठिकठिकाणचं विष गोळा करून औषध बनवायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

आणखी एक मर्यादा आहे. प्रतिपिंडं रक्तात फिरणारं विष पकडतात. मण्यारीच्या विषाने मज्जातंतूंची टोकं एकदा बिघडवली, की ती बिघडलेली टोकं हे औषध दुरुस्त करू शकत नाही. मग ती सावरेपर्यंत श्वासाला यंत्राचाच आधार. तेव्हा दंश झाला की कापू नका, आवळून बांधू नका, मांत्रिकाकडे तास घालवू नका. 108ला फोन करा आणि जिथे या कुप्या असतात, त्या रुग्णालयात थेट न्या.