म्हाताऱ्या पेशी आधी फुटतात

अमेरिकेतल्या स्टेटव्हिल तुरुंगात मलेरियावरच्या प्रायमाक्विनची चाचणी कैद्यांवर झाली. (कैद्याची ‘संमती’ कितपत खरी?) रोज ३० मिलिग्रॅम घेताच काहींच्या तांबड्या पेशी फुटू लागल्या, पुढे गोळी चालू असूनही फुटणे थांबले. कारण १९५६ साली उमगले : जी-सिक्स-पीडी या विकराची उणीव. औषधामुळे, किंवा जंतूंशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशींतून, पेरॉक्साइड उपजते. ते ग्लुटाथायोन निष्प्रभ करते. पण खर्ची पडलेले ग्लुटाथायोन पुन्हा ताजे करायला लागणारी रसद या विकरामुळेच मिळते. ती तुटली की हिमोग्लोबिन बिघडून साकळते, पेशी फुटते. केंद्रक नसल्याने तांबडी पेशी नवे विकर घडवू शकत नाही. म्हणून म्हाताऱ्या पेशी आधी जातात, तरुण तगतात. झटक्यानंतर लगेच रक्त तपासले तर या तरुण पेशींमुळे विकर पुरेसे असल्याचा भास होतो.