‘बघते, इन्शाअल्लाह’ म्हणण्याआधी

शाळा सुटायला दहा मिनिटं होती. मुख्याध्यापकांनी ऑफिसच्या दारातूनच हाक मारली, "मॅडम, पोषण आहाराची माहिती भरणाऱ्या गुरुजींची बदली झाली. तेवढं जरा तुम्ही बघाल ना?" आम्ही पिशवी आवरता आवरता म्हणालो, "बघते सर, इन्शाअल्लाह." आमच्या मनात होतं, घरी जाऊन विचार करू आणि उद्या काय ते सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी रजिस्टर आमच्या टेबलावर आलेलं होतं. ते तीन वर्षं तिथंच राहिलं.

काम दिसायला लहान होतं. रोज किती मुलं हजर, किती जेवली, हे मोबाइलवर भरायचं. तांदूळ-डाळीचा साठा वहीत उतरवायचा आणि महिनाअखेर सगळ्याचा मेळ घालायचा. दिवसाला वीस मिनिटं धरा. शाळेचे कामाचे दिवस २२०, म्हणजे वर्षाला ४,४०० मिनिटं झाली. पस्तीस मिनिटांच्या तासिकेनं भागलं तर सव्वाशे तासिका होतात. हा हिशेब आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवा होता. केला तिसऱ्या वर्षी, तोही आठवीच्या शिष्यवृत्तीच्या मुलांची जादा तासिका सलग दुसऱ्या आठवड्यात बुडाली आणि एका मुलीनं विचारलं तेव्हा, "मॅडम, आज पण तांदूळ मोजायचा आहे का?"

सरांना दोष देण्यात अर्थ नव्हता. त्यांनी विचारलं होतं, आम्ही हो म्हटलं होतं. निदान त्यांना तसं ऐकू आलं होतं. नोकरीच्या जागी मराठीत ‘बघते’ म्हणजे ‘करते’. ‘प्रयत्न करते’ म्हणजेही ‘करते’. ऐकणारा माणूस घाईत असतो, त्याला यादीतलं एक नाव भरायचं असतं आणि ‘नाही’ हा शब्द आला नाही एवढंच तो ध्यानात ठेवतो. ‘इन्शाअल्लाह’चं तर आपण आणखीच विचित्र करून ठेवलंय. जे काम करायचा इरादा आहे, त्याच्यासोबत म्हणायचा हा शब्द. आपण तो नेमका इरादा नसताना वापरतो. आमच्या शाळेतले एक गुरुजी चेष्टेनं विचारायचे, "मॅडम, हे खरंखुरं इन्शाअल्लाह की शेवयांच्या आमंत्रणाचं?" हसलो आम्हीही, पण लागलं.

आपल्यापैकी बरेच जण घरात आणि मोहल्ल्यात उर्दू किंवा दखनी बोलतात आणि कामावर मराठी. त्यातून एक घोटाळा होतो. उर्दू शाळेतल्या आमच्या एका बाजींना कुणी जादा काम सांगितलं की त्या हळू आवाजात म्हणतात, "जरा मुश्किल है, सर." तिथं तेवढं पुरतं, समोरचा समजून घेतो. तेच वाक्य मराठीत आणून "जरा अवघड आहे, सर" म्हणा. उत्तर येतं, "अवघड काही नाही हो, मी दाखवतो कसं करायचं." म्हणजे नकार पोचलाच नाही, उलट शिकवणी मिळाली. उलटा प्रकारही घडतो. मराठीत ठणठणीत ‘नाही’ म्हणायची सवय झालेला माणूस उर्दू स्टाफरूममध्ये "मैं नहीं करूँगा" म्हणून जातो आणि पुढचे चार महिने त्याच्या उद्धटपणाच्या गोष्टी चालतात.

मराठीत नकाराचे तीन दर्जे आहेत, ते ओळखून वापरावेत. "मी करणार नाही" यात इच्छा बोलते. वरिष्ठांसमोर ते वाक्य भांडणाचं ठरतं, भले आवाज कितीही मऊ असो. "मला जमणार नाही" यात इच्छेऐवजी परिस्थिती बोलते, म्हणून ते स्पष्टही आहे आणि सभ्यही. "माझ्याकडून ते नीट होणार नाही" यात कामाची काळजी दिसते. जिथं चुकीला किंमत आहे, म्हणजे पैशांचा हिशेब, साठ्याची नोंद, मुलांचे आधार क्रमांक, तिथं हे तिसरं वाक्य सगळ्यात चांगलं चालतं. मात्र ते खरं असेल तरच वापरा. दहा वर्षं संगणक शिकवणाऱ्यानं "ऑनलाइन माझ्याकडून होणार नाही" म्हटलं तर कुणी ऐकणार नाही.

कारण एकच द्यावं, हे आम्ही फार उशिरा शिकलो. तीन कारणं दिली की ऐकणारा सगळ्यात कच्चं उचलतो आणि ते सोडवून देतो. "घरी लहान मूल आहे, घर लांब आहे, आणि तब्येतही..." असं म्हटलं की उत्तर मिळतं, "मूल घेऊन या, शिपाईमामा बघतील." आता बोला! त्यातही घरचं कारण शक्यतो पुढं करू नये. ते खोटं असतं असं नाही, पण त्यावर चर्चा सुरू होते आणि चर्चा आपल्या सासूच्या गुडघ्यापर्यंत जाते. शाळेचंच कारण शाळेला कळतं. रमजानचंही तसंच. "रोजा आहे म्हणून जमणार नाही" म्हटलं की समोरचा अवघडून जातो किंवा "पण तुम्ही तर रोज शाळेत येताच की" म्हणतो. त्यापेक्षा वेळ सांगावी: "महिनाभर संध्याकाळी सहानंतर मला थांबता येणार नाही. सकाळी अर्धा तास लवकर येऊ शकते." यात रोजा लपवायचा नाही. विचारलं तर सांगायचं. पण काम घड्याळाशी जोडलेलं असतं, तेव्हा उत्तरही घड्याळाचं द्यावं.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी आम्ही रजिस्टर परत द्यायला गेलो, तेव्हाचं संभाषण जवळजवळ जसंच्या तसं लिहितो. वेळ मुद्दाम निवडली होती. सकाळची प्रार्थना झाल्यावर, सर ऑफिसात एकटे असताना. दारात उभं राहून न बोलता बसून बोललो.

"सर, पुढच्या वर्षी पोषण आहाराचं काम मला जमणार नाही. त्यात वर्षाला सव्वाशे तासिकांइतका वेळ जातो, आणि आठवीच्या शिष्यवृत्तीचे तास बुडतात. जूनमध्ये ज्यांच्याकडे काम जाईल, त्यांना पहिला आठवडा सोबत बसून शिकवते."

एवढंच. मग गप्प बसलो. हे गप्प बसणंच सगळ्यात कठीण गेलं. जीभ वळवळत होती, "म्हणजे सर, तुमची अडचण असेल तर..." असं काहीतरी सुटणारच होतं. ते सुटलं असतं तर सगळं पाण्यात.

सर म्हणाले, "पण तुमच्याइतकं व्यवस्थित कुणी करत नाही हो."

कौतुक हा दुसरा धक्का असतो. त्याला नवीन कारण देऊ नये. तेच वाक्य, तितक्याच आवाजात: "तुम्ही असं म्हणता हे बरं वाटलं, सर. पण पुढच्या वर्षी मला जमणार नाही. शिकवून मात्र नक्की देते." इथं ‘नक्की’ हा शब्द आम्ही फक्त जे करणार होतो त्यालाच लावला.

सर थोडे नाराज झाले. आठवडाभर ‘मॅडम’ऐवजी नुसतं ‘ऐका’ होतं. तो आठवडा सोसावा लागतो, त्यावर कुठलंही गोड वाक्य औषध नाही. जूनमध्ये काम दोघांत वाटलं गेलं. आम्ही ठरल्याप्रमाणे सहा दिवस मधल्या सुट्टीत शेजारी बसून शिकवलं. ते केलं नसतं तर आमचा नकार कामचुकारपणाच ठरला असता.

आता मर्यादा. सगळीच जादा कामं नाकारता येत नाहीत. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना अशैक्षणिक कामाला लावता येत नाही, पण त्यातच तीन अपवाद आहेत: दहा वर्षांनी होणारी जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुकीची कामं. यांचा लेखी आदेश आला की तोंडी "जमणार नाही"ला काही अर्थ राहत नाही, उलट कारवाई ओढवते. तिथं आजारपणासारखी खरी अडचण असेल तर कागदपत्रं जोडून, ज्या अधिकाऱ्यांचा आदेश आहे त्यांच्याकडेच वेळेत अर्ज करावा. आणि आदेशात नसलेल्या कामासाठी हे कलम स्टाफरूममध्ये फडकवू नये. कलमाचा आकडा उच्चारला की संवाद संपतो आणि कागदी लढाई सुरू होते. ते शेवटचं हत्यार, तेही लेखी.

शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं काढणाऱ्या आमच्या मुला-मुलींना आम्ही वर सांगितलं तसं बोलता येत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. त्यांनी ‘नाही’ न म्हणता क्रम विचारावा. "करतो सर. माझ्याकडे सध्या यू-डायसची माहिती आणि सहावीच्या चाचणीचे पेपर आहेत. यातलं कोणतं मागं ठेवू?" आवाज खरोखर विचारणाऱ्याचा हवा. टोमण्याचा सूर लागला तर हेच वाक्य महागात पडतं. पुष्कळदा सरांना आधीची दोन कामं आठवतच नसतात, त्यांनीच दिलेली असली तरी. उत्तर "सगळीच करा" असं आलं, तर निदान तारीख मागून घ्यावी: "मग हे शुक्रवारपर्यंत देतो, चालेल?"

हल्ली बरीचशी कामं रात्री साडेनऊला व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर वाटली जातात. तिथं अंगठा दाखवला की होकार झाला, आणि गप्प राहिलं तरी होकारच झाला. पण सगळ्यांसमोर ग्रुपवर नकारही देऊ नये, साहेबांना मागं येता येत नाही. एवढंच लिहावं: "सर, मेसेज वाचला. माझ्या नावासमोरच्या कामाबद्दल उद्या सकाळी भेटून बोलते, तोपर्यंत यादी पक्की करू नये ही विनंती." आणि सकाळी खरंच भेटावं. दुपार झाली की यादी वरच्या ऑफिसला गेलेली असते.

रजिस्टर सोडल्यानंतरच्या डिसेंबरात सरांनी पुन्हा दारातूनच हाक मारली, "मॅडम, स्नेहसंमेलनाचं निवेदन कराल का? का तेही जमणार नाही?" आम्ही तारीख विचारली, तालमी किती ते विचारलं आणि वहीत पाहिलं. चार तालमी होत्या, सगळ्या शाळेच्या वेळेत.

"करते सर," आम्ही म्हणालो, "इन्शाअल्लाह." कोपऱ्यातून ते गुरुजी ओरडले, "हे खरंखुरं आहे बरं का!"