दोन गुण की चार?

तुंगार्लीसारख्या मावळातल्या गावच्या जत्रेत निकाली कुस्ती पाहणाऱ्याला चितपट लगेच कळते. गुणांवरच्या कुस्तीत मात्र नजर ठेवायची ती खाली आलेल्या पैलवानाच्या पाठीवर.

एकेरी पट काढून प्रतिस्पर्ध्याला खाली आणले आणि मागे जाऊन ताबा मिळवला, पण तो पोटावर किंवा गुडघ्यांवरच राहिला, तर गुण दोन. उभ्या डावातून थेट पाठ मॅटकडे वळली, म्हणजे धोक्याची स्थिती आली, तर चार. पाठ टेकायलाच हवी असे नाही. ती मॅटशी काटकोनापेक्षा कमी कोनात झुकली की पुरे. दोन्ही खांदे दाबून धरले, तर गुणफलक काहीही सांगो, कुस्ती तिथेच संपते.

जानेवारी 2023 मध्ये पुण्यात महाराष्ट्र केसरीच्या उपांत्य लढतीत महेंद्र गायकवाडच्या बाहेरच्या टांगेला चार गुण मिळाले. सिकंदर शेखची पाठ खरोखर धोक्यात आली होती का, यावर राज्यभर वाद पेटला. इतका बारीक फरक मैदानाच्या कडेवरून दिसणे अवघडच.

आखाड्याबाहेर ढकलल्यास एक गुण. दहा गुणांची आघाडी झाली की पंच लढत थांबवतात.