डांबरगोळ्या आणि धान्याचे डबे

थंडी सरली, की शाली व स्वेटर ऊन देऊन, घड्या घालून ठेवले जातात आणि कसर लागू नये म्हणून घड्यांत चार डांबरगोळ्या टाकल्या जातात. जागेच्या अडचणीमुळे पुष्कळ घरांत त्याच फडताळाच्या खालच्या कप्प्यात शेंगदाण्यांच्या व बेसनाच्या पिशव्या असतात. महिन्याभराने लाडू वळले जातात आणि पहिल्याच घासाला डांबराचा वास येतो. पिशवीचे तोंड तर घट्ट बांधलेले होते. मग हा वास आत शिरला कसा?

डांबरगोळी म्हणजे नॅफ्थलीन. ते उघड्यावर न वितळता हळूहळू वाफ होऊन जाते. गोळी झिजते ती यामुळेच. ही वाफ बंद जागेत कोंडली, तरच कसर मरते. परंतु बंद फडताळात ती वरच्या कप्प्यापुरती राहत नाही. प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीतूनही ती पार होते आणि स्निग्ध पदार्थांत चटकन मुरते. म्हणून शेंगदाणे, खोबरे, बेसन व तूप यांना तिची बाधा लवकर होते. असा वास लागलेला जिन्नस भाजून वा उन्हात घालून वापरू नये. तो टाकून द्यावा.

नॅफ्थलीनमुळे रक्तातील तांबड्या पेशी फुटू शकतात. काही मुलांच्या रक्तात जन्मतःच एका विकराची उणीव असते. त्यांना हा धोका विशेष. डोळे पिवळे पडणे व लघवी गडद होणे ही त्याची लक्षणे होत. ती एक-दोन दिवसांनीही दिसू शकतात. यास्तव मुलाने गोळी गिळल्यास लक्षणांची वाट न पाहता त्याला त्वरित रुग्णालयात न्यावे.

धान्यात घालावयाच्या विषारी गोळ्यांचा प्रकार तर याहून भयंकर आहे. ॲल्युमिनियम फॉस्फाइडची 3 ग्रॅमची गोळी हवेतील ओलाव्याने सुमारे 1 ग्रॅम फॉस्फीन वायू सोडते. हा वायू गोदामातील किडे मारतो, तसाच शेजारच्या खोलीत निजलेल्या माणसांनाही मारतो. त्यावर उतारा नाही. ही गोळी घराच्या कोठीत कदापि ठेवू नये.

मग ठेवणी कशी असावी? डांबरगोळ्या पातळ फडक्यात बांधून कपड्यांच्या घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पेटीतच ठेवाव्यात आणि ती पेटी स्वयंपाकघराबाहेर, मुलांच्या हाती लागणार नाही अशी असावी. कपडे वापरण्यापूर्वी वाऱ्यावर टांगावेत. तान्ह्या मुलांच्या कपड्यांत मात्र गोळी घालूच नये. झुरळांचे औषध फवारण्यापूर्वी अन्न व भांडी बाहेर काढावीत, फवारा केवळ फटींत मारावा आणि फळ्या धुऊन, वाळवूनच डबे परत मांडावेत. धान्याला कडक ऊन, कोरडा डबा आणि घट्ट झाकण हेच संरक्षण पुरे. कीड दिसताच ते चाळून, पुन्हा वाळवून घ्यावे.