फोन मुका झाला तर

डिसेंबर 2018 मध्ये मुंबईत माहीमच्या एका कापड व्यापाऱ्याच्या मोबाइलवर एका रात्री उशिरा सहा मिस्ड कॉल आले. त्यातला एक ब्रिटनच्या कोडचा होता. सकाळी फोन बंद पडलेला. मोबाइल कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा उत्तर मिळालं की तुमच्याच विनंतीवरून सिम बदललं आहे. तोवर 28 व्यवहारांतून 1 कोटी 86 लाख रुपये खात्यातून निघून गेले होते.

सिम म्हणजे आपला नंबर नव्हे. नंबर कंपनीच्या यंत्रणेत असतो आणि तो कुठल्या कार्डाला जोडायचा, हे कंपनी ठरवते. सिम हरवलं तर नवं कार्ड मिळतं ते याचमुळे. भामटे नेमकी हीच सोय वापरतात. आधी फिशिंगची लिंक किंवा गोड बोलणारा फोन यांतून नाव, जन्मतारीख, आधारचा तपशील, नेटबँकिंगचा पासवर्ड गोळा करतात. मग खोटी कागदपत्रं दाखवून, कधी दुकानातल्या माणसाला हाताशी धरून, तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढतात. काही वेळा ते हे काम तुमच्याच हातून करून घेतात. ‘4जीचं 5जी करून देतो’ असं सांगून एक मेसेज पाठवायला लावतात. त्यात त्यांच्याकडच्या कोऱ्या सिमचा लांबलचक क्रमांक असतो. ई-सिममध्ये तर कार्डही लागत नाही, मंजुरीचा मेसेज किंवा ओटीपी हाती आला की पुरतं.

नवं सिम चालू होताच तुमचं मरतं. पण घरी वायफायवर व्हॉट्सअ‍ॅप सुरूच राहतं, व्हिडिओ दिसतात, आणि वरच्या कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या दांड्या गेल्याचं तासन् तास लक्षातच येत नाही. त्यामुळे ‘सिम बदलण्याची विनंती मिळाली’ असा मेसेज आला किंवा मिस्ड कॉलचा भडिमार झाला, तर फोन सायलेंट करून झोपू नका. वैतागून तुम्ही तो बंद करावा आणि सिम मेल्याचं कळू नये, हाच त्या कॉलमागचा हेतू असू शकतो.

नेटवर्क नुसतं गेलंय की सिम पळवलंय, हे ओळखायची एक सोपी खूण आहे. शेजारच्याकडे त्याच कंपनीचं नेटवर्क आहे का, ते विचारा. मग दुसऱ्या फोनवरून स्वतःचाच नंबर लावा. तुमचा फोन गप्प आणि पलीकडे रिंग ऐकू येत असेल, तर नंबर बहुधा दुसऱ्याच्या हातात गेला आहे. ‘बंद आहे’ असं ऐकू आलं तरी निर्धास्त होऊ नका. कंपनीकडे खात्री करून घ्या.

इथे एक नियम आपल्या बाजूने आहे. दूरसंचार विभागाच्या आदेशानुसार सिम बदलल्यावर 24 तास त्यावर एसएमएस येऊ-जाऊ द्यायचे नाहीत. म्हणजे ओटीपीचा मेसेज येणार नाही, आणि नव्या फोनवर यूपीआय सुरू करायला जो मेसेज जावा लागतो तोही जाणार नाही. कॉल मात्र सुरू राहू शकतात, म्हणून या मुदतीवर विसंबू नका. आपल्या हाती आहे ती एवढीच सवड. पूर्वी याच काळात भामटे नंबर दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करत. 1 जुलै 2024 पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंग बंद ठेवलं आहे.

म्हणून शंका येताच घरातला दुसरा फोन उचला. एकाने मोबाइल कंपनीला सांगून तो नंबर बंद करायला लावायचा, दुसऱ्याने बँकेला फोन करून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड गोठवायची. बँकेचा नंबर गुगलवर शोधू नका, तिथे खोटे नंबर पेरलेले असतात. कार्डाच्या मागे छापलेला असतो, आणि पासबुकातही आत्ताच लिहून ठेवा. संगणकावरून ईमेलचा पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर लगेच 1930 लावा: तक्रार लवकर पोचली, तर पुढच्या खात्यात पडलेली रक्कम तिथेच अडवता येते. cybercrime.gov.in वरही तक्रार नोंदवता येते. नंतर ओळखपत्र घेऊन कंपनीच्या अधिकृत दालनात जा आणि नंबर परत आपल्या नावावर, नव्या सिमवर घ्या.

बँकेला मात्र नुसतं तोंडी सांगून थांबू नका. लेखी तक्रार द्या, तिचा क्रमांक घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा फसवणुकीत, बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार पडत नाही. ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे. ओटीपी किंवा पासवर्ड तुम्हीच सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून तक्रारीच्या पोचवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या.